पाचशेचं टेबल हजाराच्या टेबलापेक्षा महाग कसं?

«ताई, दिवाळीनंतर आम्ही चौघे मित्र पणजीला गेलो होतो. मांडवीतल्या बोटीवर ब्लॅकजॅकची दोन टेबलं शेजारी शेजारी होती. एकाचं मिनिमम 1,000 रुपये, ब्लॅकजॅकला थ्री टू टू आणि डीलर कुठल्याही सतरावर थांबणार. दुसऱ्याचं मिनिमम 500, ब्लॅकजॅकला सिक्स टू फाइव्ह आणि डीलर सॉफ्ट सतरावर आणखी पत्ता घेणार. खिशात 10,000 होते म्हणून मी पाचशेच्या टेबलावर बसलो. पत्ता कधी घ्यायचा, कधी थांबायचं याचा तक्ता मला पाठ आहे, तरी चार तासांत 6,000 गेले. मित्र म्हणतो, सहा हा आकडा तीनपेक्षा मोठाच, आणि डीलर जास्तीचा पत्ता घेतो म्हणजे 21 ओलांडून बस्ट व्हायची शक्यता वाढते, सगळं आपल्याच फायद्याचं. तुझं नशीब खराब होतं. त्याच टेबलावर तो 4,000 जिंकला. फेब्रुवारीत परत जायचं ठरतंय. मी कुठे बसू?
— घोडबंदर रोड, ठाणे»

घोडबंदरकर,

तुमच्या मित्राच्या दोन वाक्यांपैकी पहिलं चूक आहे आणि दुसरं अर्धं बरोबर आहे. अर्ध्या बरोबर गोष्टी जास्त महागात पडतात, पण आधी चुकीचं वाक्य संपवू.

पहिल्या दोनच पत्त्यांत 21 झाले की ब्लॅकजॅक. त्याला थ्री टू टू म्हणजे दोन रुपये लावले तर तीन मिळतात. सिक्स टू फाइव्ह म्हणजे पाच लावले तर सहा. दोन्हीकडे पाचच रुपये लावून बघा: पहिल्या टेबलावर साडेसात येतात, दुसऱ्यावर सहा. टेबलाच्या कापडावर कुणी «पाचाला साडेसात» असं छापत नाही, म्हणून सहा हा आकडा डोळ्यांना मोठा दिसतो. 500 च्या डावाला ब्लॅकजॅक लागला की थ्री टू टूवर 750 मिळाले असते, तुम्हाला 600 मिळाले. दर ब्लॅकजॅकमागे 150 रुपये टेबलाने ठेवून घेतले, आणि तेही तुम्ही जिंकून खुशीत चिप्स ओढत असताना. हरलेला पैसा माणूस मोजतो. कमी मिळालेला जिंकण्याचा पैसा कोण मोजतं?

आता असे ब्लॅकजॅक किती येतात ते बघू. सहा कॅट पिसून खेळतात तेव्हा पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान येण्याचं प्रमाण साधारण 21 डावांत एक असतं. त्यातल्या काही थोड्या डावांत डीलरलाही ब्लॅकजॅक लागतो आणि बरोबरी होते, म्हणजे पैसे मिळतात असा ब्लॅकजॅक 22 डावांत एक. चार-पाच माणसं बसलेल्या टेबलावर तासाला 60 च्या आसपास डाव होतात. तुमच्या चार तासांत 240 झाले असतील. 240 भागिले 22, म्हणजे जवळपास 11. अकरा वेळा दीडशे म्हणजे 1,650 रुपये. तुमच्या 6,000 मधले एवढे या एका ओळीमुळे गेले असं धरायला हरकत नाही, नशीब कसंही असो.

टक्क्यांत सांगायचं तर थ्री टू टूचं सिक्स टू फाइव्ह केलं की टेबलाचा वाटा, लावलेल्या दर शंभर रुपयांमागे, सुमारे 1 रुपया 36 पैशांनी वाढतो. वाचताना हा आकडा किरकोळ वाटतो, पण मूळ वाटा किती ते बघा. सहा कॅटचं टेबल, थ्री टू टू, डीलर सगळ्या सतरांवर थांबणारा, जोडी फोडून दोन हात केल्यावर लावलेले पैसे डबल करायची मुभा, आणि खेळणारा तुमच्यासारखा तक्ता पाठ असलेला: अशा ठिकाणी टेबलाचा वाटा शंभराला साधारण 40 पैसे असतो. म्हणजे एका नियमाने तो चौपटीच्याही पुढे गेला. बाकी काहीच बदललं नाही. पत्ते तेच, डीलरचं हसू तेच.

आता मित्राचं दुसरं वाक्य. डीलर बस्ट होण्याची शक्यता वाढते हे खरंच आहे. मलाही एकेकाळी वाटायचं की हा नियम खेळणाऱ्याच्या बाजूचा असावा. माझा भाचा पहिल्यांदा बोटीवर जाऊन आला तेव्हा त्याने हेच विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे, म्हणजे लाज दुप्पट. शेवटी आम्ही जेवणाच्या टेबलावर बदामाची तेरा पानं ओळीने मांडून बसलो. तुम्हीही मांडा, पाच मिनिटं लागतात.

डीलरपुढे एक्का आणि छक्की आहे. एक्का अकराचा धरला तर सतरा, आणि गरज पडली तर तो एकाचा होऊ शकतो, म्हणून हे «सॉफ्ट» सतरा. आता त्याला पुढचा पत्ता घ्यायला लावा आणि तेरा पानांपैकी एकेक देऊन बघा. एक्का, दुर्री, तिर्री किंवा चौकी आली तर तो अनुक्रमे 18, 19, 20, 21 वर पोचला आणि थांबला. दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा आला तर मूळचा एक्का एकाचा होतो, बेरीज पुन्हा 17, आणि तो पुन्हा थांबला. म्हणजे या आठ पानांत त्याचं काहीही बिघडलं नाही, उलट चार वेळा सुधारलं. पंजीपासून नव्वीपर्यंतची पाच पानं तेवढी त्याला 12 ते 16 च्या चिखलात नेतात, तिथून त्याला आणखी घ्यावं लागतं, आणि तिथून निम्म्याहून थोड्या जास्त वेळा तो बस्ट होतो.

सगळं एकत्र केलं तर शंभर सॉफ्ट सतरांपैकी साधारण 21 वेळा डीलर बस्ट होतो, 34 वेळा 17 वरच राहतो आणि 45 वेळा 18 ते 21 मध्ये जाऊन बसतो. मित्राला ते 21 दिसतात. ते 45 त्याच्या डोळ्यासमोरून जातात, पण तो त्यांना «डीलरचं नशीब» म्हणतो.

यात तुमचं काय होतं ते तुमच्या हातावर ठरतं. समजा तुम्ही 18 वर थांबला आहात. डीलर सतरावर थांबणारा असेल तर तुम्ही शंभरच्या शंभर वेळा जिंकला असता, कारण सतरा म्हणजे डीलरचा सगळ्यात मरतुकडा हात. तोच डीलर पत्ता घेऊ लागला की तुम्ही 55 वेळा जिंकता, 11 वेळा बरोबरी होते आणि उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यात हरता. हातात आलेलं शंभर टक्के जिंकणं 55 वर आलं. 17 वर थांबला असाल तर आधी नक्की बरोबरी होती. आता 21 वेळा जिंकता आणि 45 वेळा हरता.

फायदा होतो तो फक्त तुम्ही 12 ते 16 वर थांबला असाल तेव्हा. डीलर सतरावर थांबला असता तर तुम्ही हरलाच होता. आता 21 वेळा वाचता. म्हणजे बुडणाऱ्या हाताला थोडा टेकू मिळतो आणि चांगल्या हाताचा पाय ओढला जातो, आणि वजाबाकी टेबलाच्या बाजूने राहते. तरीही हा नियम फार महाग नाही, कारण सॉफ्ट सतरा मुळात कमी येतं. एक्का-छक्की अशी सरळ दोन पानांत येण्याची वेळ शंभर डावांत एकाहून थोडी जास्त; तीन-चार पानांतून येणारी आणखी थोडी. एकूण खर्च शंभराला सुमारे 20 पैसे पडतो.

हे प्रमाण लक्षात राहू द्या, कारण टेबलाभोवती चर्चा नेमकी उलटी चालते. डीलर सॉफ्ट सतरावर थांबतो की घेतो यावर लोक तावातावाने बोलतात आणि त्याच टेबलावर सिक्स टू फाइव्ह छापलंय याकडे बघतही नाहीत. एक वीस पैशांचा नियम आहे, दुसरा एक रुपया छत्तीस पैशांचा. भाजी घेताना कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करून काट्याकडे पाठ फिरवण्यासारखं आहे हे. (एक गोष्ट मात्र सॉफ्ट सतरावर घेणाऱ्या टेबलासाठी तुमच्या तक्त्यात बदलून घ्या: तुमचे 11 आणि डीलरचा एक्का दिसत असेल तर तिथे डबल करायचं असतं. सतरावर थांबणाऱ्या टेबलावर सहा कॅटमध्ये नुसता पत्ता घेतात.)

आता तुमच्या दोन टेबलांची बेरीज करू. हजाराच्या टेबलाचा वाटा शंभराला 40 पैसे, म्हणजे दर डावाला 4 रुपये. पाचशेच्या टेबलाचा 40 पैसे अधिक 20 पैसे अधिक 1 रुपया 36 पैसे, म्हणजे जवळजवळ 2 रुपये. 500 वर दर डावाला 10 रुपये. निम्म्या रकमेचं टेबल अडीचपट महाग. चार तासांचे 240 डाव धरले तर हजाराच्या टेबलावर सरासरी 960 रुपये जातात आणि पाचशेच्या टेबलावर 2,400. मिनिमम 500 ची पाटी ही आमंत्रणपत्रिका आहे. बिल वेगळं येतं.

इथे तुम्ही म्हणाल, «पण ताई, माझे 6,000 गेले आणि मित्राने 4,000 कमावले, मग या 2,400 ला काय अर्थ?» अर्थ असा की हे 2,400 एका रात्रीत दिसतच नाहीत. 500 च्या 240 डावांत नशिबाची नेहमीची वरखाली सुमारे 9,000 रुपयांची असते. म्हणजे तुमचं उणे 6,000 आणि मित्राचं अधिक 4,000 दोन्ही अगदी साध्या रात्री आहेत, कुणाचं नशीब खराब किंवा चांगलं म्हणण्यासारखं त्यात काही नाही. 9,000 च्या लाटेत 2,400 ची गळती कुणाला जाणवणार? म्हणून कुठल्या टेबलावर कोण जिंकलं हे विचारून टेबल निवडू नका. कापडावर काय छापलंय ते वाचून निवडा.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि तुम्ही पाचशेच्या टेबलावर बसण्यामागे तीच होती. खिशात 10,000 असताना हजाराच्या टेबलावर म्हणजे फक्त दहा डावांचा दम. तिथे चार तास बसलात तर वरखाली 18,000 च्या घरात जाते आणि पहिल्या तासा-दीड तासात खिसा रिकामा व्हायची भीती खरी असते. हे मी नाकारत नाही. ज्याला हळूहळू खेळायचंय त्याला लहान मिनिमम हवंसं वाटणारच.

पण वरखाली डावांच्या संख्येबरोबर सरळ वाढत नाही, तिच्या वर्गमुळाबरोबर वाढते. डाव चौपट केले तर वरखाली दुप्पटच होते. याचा उलटा उपयोग करा. हजाराच्या टेबलावर एकच तास, म्हणजे 60 डाव खेळलात तर वरखाली सुमारे 9,000 ची होते. पाचशेच्या टेबलावर चार तास बसून जेवढी झाली होती तेवढीच! जिंकण्या-हरण्याचा थरार तोच, 10,000 चा खिसा तेवढाच धोक्यात. आणि टेबलाचा वाटा? 60 डाव गुणिले 4 रुपये, म्हणजे 240. तिकडे 2,400 होता. बरोबर दहापट.

म्हणजे प्रश्न असा उरतो की पाचशेच्या टेबलावरचे ते जास्तीचे तीन तास तुम्हाला 2,160 रुपयांना हवेत का. हा प्रश्न गणिताचा नाही, तुमच्या आवडीचा आहे. काहींना गप्पा, दिवे, फुकटचं खाणं-पिणं आणि गर्दी हवी असते. त्यांनी तेवढे पैसे तिकिटाचे म्हणून बाजूला काढावेत आणि घरी आल्यावर नशिबाला बोल लावू नये. मी तुमच्या जागी असते तर हजाराच्या टेबलावर एक तास खेळले असते, उरलेले तीन तास बोटीच्या गच्चीवरून मांडवीकडे बघत काढले असते. मला पाण्याकडे बघायला आवडतं, यावर भाचा हसतो.

एक तास ठरवलात तर डावांवर नजर ठेवा, घड्याळावर नको. 60 हा आकडा टेबल भरलेलं असतानाचा आहे. सकाळी किंवा मधल्या वारी टेबल रिकामं असेल आणि तुम्ही डीलरपुढे एकटेच बसलात तर तासाला दीडशेहून जास्त डाव सहज होतात, आणि चार तासांचा खर्च दीड तासात उरकतो. गर्दीचं टेबल कंटाळवाणं वाटतं, पण स्वस्त पडतं.

टेबल ओळखायचं कसं तेही सांगते. बहुतेक ठिकाणी डीलरसमोरच्या कापडावर गोलाकार ओळीत छापलेलं असतं, «ब्लॅकजॅक पेज थ्री टू टू» किंवा «सिक्स टू फाइव्ह», आणि त्याखाली डीलर सॉफ्ट सतरावर काय करणार ते. कापडावर नसेल तर मिनिममच्या पाटीवर बारीक अक्षरात असतं. दोन्हीकडे नसेल तर चिप्स ठेवण्याआधी सरळ विचारा, «हजारावर ब्लॅकजॅक लागला तर किती देता?» पंधराशे म्हणाले तर बसा, बाराशे म्हणाले तर उठा. लाजू नका, डीलरला हा प्रश्न नवा नसतो. एका कॅटवर खेळवणारं टेबल दिसलं की जाणकार खूश होतात, कारण एक कॅट मुळात खेळणाऱ्याला बरा. पण अमेरिकेत सिक्स टू फाइव्ह पसरलं ते याच आमिषाने, एका कॅटच्या टेबलांवरून. तेव्हा एक कॅट दिसला तरी प्रश्न तोच विचारा. पडद्यावरच्या ब्लॅकजॅक मशीनवर माहितीचं बटण दाबून बघा. तिथे कधी कधी ब्लॅकजॅकला जेवढ्यास तेवढेच देतात, म्हणजे सिक्स टू फाइव्हहूनही वाईट.

हे सगळे आकडे तक्ता बिनचूक खेळणाऱ्याचे आहेत हे विसरू नका. 16 असताना डीलरच्या दश्शीला घाबरून थांबणं, डीलरचा एक्का दिसताच त्याच्या ब्लॅकजॅकवर वेगळे पैसे लावणं म्हणजे विमा घेणं, जोडी न फोडणं अशा सवयी असतील तर प्रत्येकीचा वेगळा भार वर चढतो, आणि तो चांगल्या टेबलावरही चढतो.

विम्यावरून आठवलं. तुम्हाला ब्लॅकजॅक लागला आणि डीलरचा एक्का दिसत असला की काही टेबलांवर डीलर विचारतो, «इव्हन मनी?» म्हणजे पुढचं न बघता लावले तेवढेच घेऊन मोकळे व्हा. थ्री टू टूच्या टेबलावर नाही म्हणा: तेरा पानांपैकी चार दहाच्या किमतीची, त्या चार वेळा बरोबरी, उरलेल्या नऊ वेळा हजारावर 1,500, म्हणजे सरासरी 1,038 रुपये. हातातले 1,000 त्याहून कमी आहेत. सिक्स टू फाइव्हवर हेच गणित उलटतं. 500 लावले असतील तर नऊ वेळा 600, सरासरी 415, आणि डीलर तुम्हाला हातोहात 500 देऊ करतोय. चुकून अशा टेबलावर बसलाच असाल आणि कुणी हे विचारलं, तर दुसरं वाक्य ऐकायच्या आत हो म्हणा. पण वाट बघू नका, सिक्स टू फाइव्हच्या बहुतेक टेबलांवर हा प्रश्न विचारतच नाहीत.